वजन दर वेळी तिथेच अडतंय? ‘मेटाबॉलिझम स्लो’ ठरवण्याआधी हा हिशेब करा

तक्रार साधारण अशी असते. डाएट सुरू केलं, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत दोनेक किलो उतरले, मग काटा जागचा हलेना. महिनाभर कळ काढली, वैतागून सोडून दिलं, वजन होतं तिथे परत. काही महिन्यांनी पुन्हा उत्साह, पुन्हा तोच प्रकार. आणि मग ठरलेलं वाक्य: “मी दिवसाला बाराशेच कॅलरी खाते हो, तरी उतरत नाही. माझं मेटाबॉलिझमच स्लो आहे.”

आहारसल्ल्याच्या कामात हे वाक्य मी सतत ऐकते. बोलणारी व्यक्ती खोटं बोलत नसते, तिच्या वहीत खरोखर बाराशेच लिहिलेले असतात. पण निदान चुकलं की उपायही चुकतो. मेटाबॉलिझम ‘वाढवणारी’ पावडर येते, जेवण आणखी कमी होतं, आणि दोन महिन्यांनी पुन्हा पहिल्या घरात. म्हणून आधी निदान.

वजनकाट्यावरचा बीएमआर विसरा

बऱ्याच जणांकडे पुरावा म्हणून डिजिटल काट्याचा आकडा असतो. ‘बीएमआर कमी’, ‘मेटाबॉलिक वय ५५’ वगैरे. बीएमआर म्हणजे नुसतं पडून राहिलं तरी शरीर दिवसाला जेवढी ऊर्जा खर्च करतं ती. हा काटा तुमचा बीएमआर मोजत नाही. तळपायांतून बारीकसा विद्युतप्रवाह सोडून तो शरीरातल्या पाण्याचा आणि चरबीचा अंदाज घेतो, तुम्ही भरलेलं वय आणि उंची त्यात मिसळतो आणि सूत्रातून उत्तर काढतो. ज्याला खरंच मोजणं म्हणतात, त्यात उपाशीपोटी शांत पडून राहून श्वासातला प्राणवायू आणि कार्बन डायऑक्साइड तपासतात. घरच्या काट्याला ते जमणं शक्य नाही. तेव्हा त्या ‘५५’ वर एक रात्रही जागू नका.

सूत्रच वापरायचं तर ते कागदावर, डोळ्यांसमोर वापरलेलं बरं. १९९० मध्ये आलेलं मिफ्लिन-सेंट जिऑर सूत्र सर्रास वापरलं जातं:

```
स्त्री : १० × वजन (किलो) + ६.२५ × उंची (सेमी) − ५ × वय − १६१
पुरुष : १० × वजन (किलो) + ६.२५ × उंची (सेमी) − ५ × वय + ५
```

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. बाई ४२ वर्षांच्या, उंची १६० सेंटिमीटर, वजन ७८ किलो, बैठी नोकरी. ७८० अधिक १,००० वजा २१० वजा १६१, म्हणजे १,४०९ कॅलरी. (रोजच्या बोलण्यातली ‘कॅलरी’ म्हणजे किलोकॅलरी, इथेही तोच अर्थ.) नुसतं पडून राहिलं तरी हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंडं चालू ठेवायला एवढं लागतं. उठणं-बसणं, कामं आणि अन्न पचवणं धरून याला १.४ ने गुणलं, की दिवसाचा एकूण खर्च साधारण १,९७० होतो.

लक्षात घ्या, वजन जितकं जास्त तितका हा आकडा मोठा. मोठं शरीर चालवायला जास्त इंधन लागतं. त्यामुळे ‘जाड माणसाचं मेटाबॉलिझम मंद असतं’ हे मुळातच उलटं आहे. एकाच उंचीच्या आणि वयाच्या दोघींमध्ये जिचं वजन जास्त, तिचा खर्च सहसा जास्त निघतो.

आता बाराशेचा दावा तपासू

बाई म्हणतात, रोज १,२०० खाते आणि चार आठवड्यांत वजन तेवढंच. खर्च १,९७० असेल तर रोज ७७० ची तूट पडली पाहिजे, २८ दिवसांत सुमारे २१,५०० ची. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे ढोबळ ७,७०० कॅलरी, म्हणजे पावणेतीन किलोच्या आसपास उतरायला हवे होते. उतरले शून्य.

इथे शक्यता दोनच. एक तर त्यांचं शरीर दिवसाला फक्त १,२०० खर्च करतंय, नाहीतर खाणं १,२०० नाही.

पहिली शक्यता नीट पाहा. बीएमआरमध्ये माणसामाणसांत फरक असतोच. सारख्या बांध्याच्या लोकांतही दहा टक्के इकडेतिकडे सहज सापडतं. बाईंना या बाबतीत दुर्दैवी धरू आणि दहा टक्के कापू. बीएमआर १,२७० वर आला, दिवसाचा खर्च १,७७५ वर. तरी रोज पावणेसहाशेची तूट उरते आणि महिन्याला दोन किलो जायला हवेत. एकूण खर्च १,२०० वर यायला तो अपेक्षेपेक्षा जवळजवळ चाळीस टक्के कमी हवा, म्हणजे हिंडत्याफिरत्या माणसाचा दिवसभराचा खर्च पडून राहण्याच्या खर्चापेक्षाही कमी. स्लो मेटाबॉलिझमने एवढी दरी भरत नाही.

हा प्रश्न प्रत्यक्ष मोजूनही पाहिला गेला आहे. १९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी ‘बाराशेहून कमी खाऊनही वजन उतरत नाही’ म्हणणाऱ्यांचा खर्च ‘डबली लेबल्ड वॉटर’ पद्धतीने मोजला. या पद्धतीत हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे जड अणू असलेलं पाणी पाजतात आणि पुढच्या काही दिवसांत ते लघवीतून किती वेगाने कमी होतं, यावरून शरीराने किती कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकला आणि किती ऊर्जा वापरली ते काढतात. वहीवर काही अवलंबून राहत नाही. निष्कर्ष असा, की त्या लोकांचा खर्च अपेक्षेच्या पाच टक्क्यांच्या आतबाहेर होता. खाणं मात्र त्यांनी सरासरी ४७ टक्के कमी नोंदवलं होतं, आणि हालचाल ५१ टक्के जास्त.

आणि ‘चाळिशी आली ना’? २०२१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात सहा हजारांहून जास्त लोकांची याच पद्धतीची मोजणी छापून आली. शरीराचा आकार आणि बांधा हिशेबात धरला, तर विसाव्या वर्षापासून साठीपर्यंत खर्च जवळपास स्थिर राहतो आणि उतरण त्यानंतर लागते, तीही हळूहळू. चाळिशीत बदलतं ते बसून राहणं, झोप आणि ताटातलं. सूत्रात वयाचे गुण वजा होतात, पण एका वर्षाचे पाच कॅलरी.

दरी कुठे लपते

बाईंची वही मी उघडली, तर पदार्थ सगळे लिहिलेले. ‘भाजी एक वाटी’ होती. भाजीतलं तेल नव्हतं.

तेल हा सगळ्यात सोपा चकवा. एक सपाट चहाचा चमचा तेल म्हणजे सुमारे ४० कॅलरी. पण ओतताना चमचा कोण धरतो? बाटली तिरकी होते, मनातल्या मनात ‘एक’ म्हणेपर्यंत तीन चमचे पडलेले असतात. यावर तर्क करत बसण्यापेक्षा बाटली वजन करा. सोमवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तेलाची बाटली ठेवून आकडा लिहा, पुढच्या सोमवारी पुन्हा ठेवा. जेवढे ग्रॅम कमी झाले त्याला ९ ने गुणा, घरात जेवणाऱ्या माणसांनी भागा, मग ७ ने भागा. तळणाचं उरलेलं तेल टाकून दिलं असेल तर तेवढं वजा करा. चौघांच्या घरात आठवड्याला ७०० ग्रॅम संपलं, तर माणशी रोज २२५ कॅलरी नुसत्या तेलाच्या. बहुतेकांना हा आकडा पाहून काही क्षण बोलायला सुचत नाही.

या बाईंच्या बाबतीत न नोंदलेलं तेल रोज चार चमचे निघालं, १६० कॅलरी. दूध-साखरेचे दोन कप ‘पेय आहे, जेवण नाही’ म्हणून वहीबाहेर होते, तेही १६०. मुलांच्या ताटात उरलेलं, चव बघताना गेलेलं, असं आणखी ८०. कामाच्या दिवसाचे बाराशे झाले सोळाशे. शनिवार-रविवारची पानं तर कोरीच होती, ‘सुट्टीच्या दिवशी कुठे लिहीत बसायचं’ म्हणून. विचारत विचारत ते दोन दिवस मांडले तर प्रत्येकी २,६०० च्या आसपास आले. पाच दिवस सोळाशे, दोन दिवस सव्वीसशे, आठवड्याची सरासरी १,८८६. सूत्राचा १,९७० हा अंदाजच होता, आणि हा आकडा त्याच्या चार-पाच टक्क्यांत बसतो. वजन हलत नव्हतं ते अगदी बरोबर होतं. खाणं आणि खर्च समसमान होते.

यात आळस किंवा लबाडी कुठेच नाही. पाच दिवस मन मारून राहिलेलं ठसठशीत लक्षात राहतं, बाकीचं राहत नाही.

काटा खोटं बोलतोय का, तेही बघा

कधीकधी चरबी उतरत असते आणि काटा ते दाखवत नाही. पाणी आड येतं. खारट जेवण, बद्धकोष्ठता, पाळीच्या आधीचे दिवस, नव्याने सुरू केलेला व्यायाम, यातल्या कशानेही एक-दोन किलो सहज वर जातात. सुरुवातीचे दोन किलो झपाट्याने उतरतात त्याचं कारणही हेच. पिष्टमय खाणं कमी केलं, की स्नायू आणि यकृतातला साखरेचा, म्हणजे ग्लायकोजेनचा, साठा घटतो, आणि त्याला धरून असलेलं जवळपास तिप्पट पाणी निघून जातं. पुढे वेग मंदावला म्हणजे मेटाबॉलिझम बंद पडलं असं नव्हे, पाणी जायचं तेवढं गेलं.

म्हणून रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही पिण्याआधी वजन करा आणि फक्त सात दिवसांची सरासरी पाहा. पाळी येत असेल तर या महिन्याच्या आठवड्याची तुलना मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी करा. चार आठवड्यांहून कमी काळावर निकाल देऊ नका.

या चार आठवड्यांत खाणं प्रामाणिकपणे तोलून लिहिलं, तर तुमचा स्वतःचा खर्च हातात येतो. सूत्रापेक्षा तो कितीतरी विश्वासार्ह. रोजचं सरासरी खाणं घ्या. उतरलेले किलो गुणिले ७,७०० भागिले २८ एवढं त्यात मिळवा. वजन वाढलं असेल तर वजा करा. झालं. (ज्यांना आधी खाण्याचा आजार होऊन गेला आहे किंवा ज्या गरोदर आहेत, त्यांनी हे तोलणं-मोजणं स्वतःहून सुरू करू नये.)

खर्च खरोखर कशाने घटतो

वजन उतरलं की खर्च घटतो, यात गूढ काही नाही. या बाई ६८ किलोंवर आल्या तर सूत्रातले शंभर गुण कमी होतात आणि दिवसाचा खर्च सुमारे १४० ने उतरतो. ज्या खाण्यावर ७८ किलोंना तूट पडत होती, त्यावर ६८ किलोंना कमी पडते. शिवाय शरीर थोडी जादा काटकसर करतं, आकार घटल्याच्या मानाने अपेक्षित असतो त्याहून खर्च आणखी जरा खाली जातो. ही गोष्ट खरी आहे आणि तिला नाकारण्यात अर्थ नाही. पण साध्या डाएटमध्ये ती सहसा लहान असते.

टोकाचं उदाहरण म्हणून अमेरिकेतल्या वजन उतरवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांचा २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगितला जातो. सहा वर्षांनंतरही त्यांचा विश्रांतीचा खर्च अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० ने कमी होता. हे ऐकून लोक घाबरतात. त्याच अभ्यासातली दुसरी बाजू मात्र कुणी सांगत नाही: ज्यांनी उतरलेलं वजन जास्त टिकवून ठेवलं होतं, त्यांच्यातच ही मंदगती जास्त दिसली. म्हणजे मंदगतीमुळे वजन परत आलं, असं सरळ म्हणता येत नाही.

माझ्या मते मोठा चोर वेगळाच आहे: नकळत होणारी हालचाल. जिने चढणं, उभं राहून बोलणं, चुळबुळ, पाण्यासाठी उठणं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये १९९९ साली १६ जणांना आठ आठवडे रोज हजार कॅलरी जास्त खायला दिल्या होत्या. कुणाची चरबी अर्धा किलोसुद्धा वाढली नाही, कुणाची चार किलोंच्या वर गेली. फरक बीएमआरमध्ये नव्हता. काहींची ही बारीकसारीक हालचाल आपोआप वाढून रोज जवळजवळ ७०० कॅलरी उडाल्या, काहींची किंचित घटलीच. ‘काहीही खाल्लं तरी अंगाला लागत नाही’ म्हणणारा माणूस एक तास शांत बसलेला पाहा, बसत नाही.

कमी खाताना हेच उलटं घडतं. थकवा येतो, माणूस सोफ्यावर रेंगाळतो, लिफ्ट घेतो, आणि आपण कमी हललो हे त्याला कळतही नाही. तपासायचं तर सोपं आहे. डाएटच्या आधीच्या महिन्याची फोनमधली पावलं आणि आताची पावलं शेजारी ठेवा. तीन-चार हजारांची घट दिसली, तर ‘मंदावलेल्या मेटाबॉलिझम’चा मोठा वाटा सापडला.

आणि वाढतो कशाने

सपाट रस्त्यावर एक किलोमीटर चालायला किलोमागे अर्धी कॅलरी जादा लागते. ७८ किलोंच्या माणसाला पाच किलोमीटरला १९५. मनगटावरचं घड्याळ याहून बरंच मोठं दाखवतं, कारण त्या वेळात बसून राहिलो असतो तरी झालेला खर्चही बरेचदा त्यात धरलेला असतो. त्या आकड्याएवढं खाऊ नका. शिवाय दमवणारा व्यायाम करून उरलेला दिवस लोळण्यात घालवला, तर कमाईतला काही हिस्सा तिथेच जातो.

स्नायूंचं कौतुक जरा जास्तच झालंय. एक किलो स्नायू विश्रांतीत दिवसाला सुमारे १३ कॅलरी वापरतो, चरबीचा किलो साडेचार. महिनोन् महिने वजनं उचलून दोन किलो स्नायू कमावले तरी बीएमआर २५ नेच वाढेल. तरीही वजनं उचलाच, कारण वजन उतरताना स्नायू झडत नाहीत आणि पुढे हालचाल टिकते. मेटाबॉलिझम पेटवण्यासाठी मात्र नको.

प्रथिनं पचवताना त्यातली वीस ते तीस टक्के ऊर्जा खर्च होते, पिष्टमयाची पाच ते दहा, चरबीची त्याहूनही कमी. म्हणून पिष्टमय किंवा चरबीच्या बदल्यात प्रथिनाच्या २०० कॅलरी आणल्या तर पंचवीस ते पन्नास कॅलरींचा फायदा होतो. भूक मिटते हा त्याहून मोठा लाभ. थंड पाण्याचं म्हणाल, तर बर्फाळ अर्धा लिटर पाणी अंगाच्या तापमानाला आणायला १६-१७ कॅलरी. तहान लागली तर प्या.

डॉक्टरांकडे केव्हा

थायरॉइड मंद असेल तर खर्च खरंच घटतो. थंडी सहन न होणं, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, सुस्ती, पाळीत जास्त रक्तस्राव अशी सोबतची लक्षणं असतील तर टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या. त्याने वाढलेलं वजन सहसा दोन ते चार किलोंचं असतं, त्यातही मीठ आणि पाणीच जास्त. गोळी सुरू होऊन टीएसएच पातळीत आल्यावरही पंधरा किलो जादा असतील, तर त्याचा दोष थायरॉइडला देता येणार नाही. वजनासाठी मनानेच थायरॉक्सिन घेणं तर धोक्याचं, हृदयाची लय बिघडते आणि हाडं झिजतात.

स्टेरॉइड, इन्सुलिन, ओलान्झापिन, मिर्टाझापिन, व्हॅल्प्रोएट ही औषधं सुरू झाल्यावर वजन वाढलं असेल तर तारखा लिहून डॉक्टरांना दाखवा, गोळी स्वतः बंद करू नका. दोन-तीन दिवसांत अचानक दोन किलो वाढून पाय सुजले किंवा धाप लागली, तर कॅलरीचा हिशेब बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठा.

त्या बाईंचं पुढे काय

वहीतले बाराशे आम्ही रद्द केले. सरासरी १,८८६ वरून १,६३० ठेवलं, म्हणजे अडीचशेची कपात, आणि तीही जवळजवळ सगळी तेल आणि सुट्टीच्या दोन दिवसांतून. कामाच्या दिवसाचं जेवण होतं तेवढंच राहिलं. रोज तीन किलोमीटर जादा चालणं, त्याचे ११५ च्या आसपास. दोन्ही मिळून रोज साधारण ३७० ची तूट, आठवड्याला एक तृतीयांश किलो. बारा आठवड्यांनी सरासरी ७४ वर आली. या वजनाला खर्च ५५ ने कमी झालेला, म्हणून इथून पुढे तोच वेग हवा तर दीड किलोमीटर आणखी चालायचं, किंवा वेग थोडा कमी चालेल म्हणायचं. त्यांनी दुसरं निवडलं.